निम्मं धरायचं

माझ्या वडिलांचा डावा डोळा गेला तो काचबिंदूनं, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय. ते खोटं नाही. पण त्या कागदावर माझ्या प्राप्तिकराचा हिशेब कुठंच नाही, आणि खरं कारण त्या हिशेबात आहे. मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, असं काही नसतं, तू उगाच मनाला लावून घेतेस. लोकांना सांत्वन करायला फार वेळ लागत नाही. मला मात्र काय झालं ते नीट लिहून काढायचं आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. धाराशिवात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. पुढच्या खोलीत टेबल, दोन कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर, मागच्या खोलीत मी. पुण्याच्या दोन फर्म मला इमारतींची कामं पाठवतात. खांब किती जाड, तुळईत सळ्या किती, हे मी काढून देते. ड्रॉइंग करायला एक मुलगी पगारावर आहे. नोकरी नाही, त्यामुळे पीएफ नाही, सुट्टी नाही, आणि लग्नाच्या बाजारात मला काय म्हणायचं हेही कुणाला ठरवता येत नाही. आमच्या ईट गावात मी अजूनही ‘घरी बसून काहीतरी करती’ अशीच आहे.

आप्पा ईटला राहतात, आईसोबत. घरची जमीन तीन एकर. तेवढ्यात भागणार नाही म्हणून त्यांनी जन्मभर दुसऱ्याचं रान निम्म्या बटाईनं केलं. बियाणं-खताचा खर्च दोघांत निम्मा, कष्ट बटाईवाल्याचे आणि पीक निम्मं-निम्मं. खळ्यावर दोन ढिगारे पडायचे. मालकाच्या ढिगातलं ज्वारीचं एक कणीसही आप्पा आम्हां पोरांना उचलू द्यायचे नाहीत. मी एकदा मालकाच्या वाट्यातल्या शेंगा खाल्ल्या तर आपल्या ढिगातल्या तेवढ्याच शेंगा मोजून तिकडं टाकल्या होत्या. असला माणूस. लहानपणी मला याचा अभिमान नव्हता, राग यायचा.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा तेव्हाच बराचसा गेला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, पण डावा चांगला आहे, तो सांभाळा. रोज झोपताना एक थेंब, जन्मभर. खाडा नको. दुखणार नाही, लाल होणार नाही, कळणारही नाही, म्हणूनच खाडा नको. थेंबांची बाटली नऊशे-साडेनऊशेची, महिनाभर पुरायची. आप्पांचा फोन यायचा, ‘बाटली संपत आली बरं का,’ आणि मी इथल्या मेडिकलमधून घेऊन भूम गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची किंवा स्वतः घेऊन जायची. लेकीच्या पैशाचा त्यांना संकोच नव्हता, हे मुद्दाम सांगते. विहिरीवरची मोटार जळली तेव्हा त्यांनी तोंड भरून पैसे मागितले होते आणि मी दिले होते. नंतर लोक म्हणाले की लेकीचं घ्यायला लाजले असतील. नाही. लाजणारे नव्हतेच ते.

मग दोनेक वर्षांनी मार्चमध्ये आप्पा डोळे दाखवायला धाराशिवला आले होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचं प्रेशर छान आहे, थेंब असेच चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. त्याच दिवशी मला माझ्या कर सल्लागाराकडं जायचं होतं. आमच्यासारख्यांना आगाऊ कर भरायचा असेल तर तो पंधरा मार्चच्या आत, सगळा एकदम. कर बसणार आहे की नाही हे आधी बघून घ्यावं लागतं. आप्पांना खोलीवर एकटं कशाला ठेवायचं म्हणून सोबत नेलं.

सल्लागारांचं ऑफिस एका कापडदुकानावर. गावाकडची माणसं त्यांना वकीलसाहेब म्हणतात, ते वकील नसले तरी. बोलण्यात घाई, कॅल्क्युलेटर मात्र जुना आणि मोठ्या बटणांचा. आप्पा भिंतीकडच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर. मी बँकेचे कागद पुढं केले.

‘वर्षाची जमा किती होईल, मॅडम?’

‘बारा चाळीस. शेवटचं बिल धरून.’

‘सगळी बँकेतून?’

‘सगळी.’

‘मग प्रश्नच नाही. निम्मं धरायचं.’

त्यांनी बटणं दाबली. बारा लाख चाळीस हजारांचे निम्मे सहा लाख वीस हजार. मला हे पाठ होतं, पण दरवर्षी मी मुद्दाम विचारते, कारण मला आकड्यांचा भरवसा वाटतो, माणसांच्या आठवणीचा नाही. विचारलं, ‘माझा खर्च धरून खरा नफा काय, ते बघायचं नाही का?’

‘तुमच्यासारख्या व्यावसायिकांसाठी ही सोय आहे. इंजिनिअर, डॉक्टर, वकील अशा ठरावीक लोकांनाच. जमेच्या निम्मा नफा झाला असं कायदा गृहीत धरतो. बाकीच्या निम्म्यात तुमचा सगळा खर्च आला. पगार, भाडं, सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरच्या किमतीतली घट, सगळं. वेगळा एक रुपया वजा मिळत नाही. पण हिशेबाच्या वह्याही ठेवाव्या लागत नाहीत. खरा नफा निम्म्याच्या वर असेल तर वरचा दाखवायचा. खाली दाखवायचा असेल तर मात्र वह्या ठेवा, ऑडिट करा. तुमचा खर्च किती?’

मी सांगितलं, सहा-सव्वासहा लाखांच्या घरात जातो.

‘बघा. निम्म्याच्या आसपासच. निम्मं धरायचं, विषय संपला.’

मग पुढचं सगळं ते नेहमीप्रमाणं इंग्रजीत भराभर बोलले. सेव्हिंग इंटरेस्ट फोर थाउजंड, टोटल सिक्स ट्वेंटी फोर, न्यू रेजीम, सेव्हनच्या आत, रिबेट, टॅक्स निल, टीडीएस फुल रिफंड. अर्थ असा की माझं करपात्र उत्पन्न सात लाखांच्या आत होतं, त्या वर्षी तेवढ्यापर्यंत कर पूर्ण माफ होता. हिशेबानं निघणारा सोळा हजार दोनशेचा कर सवलतीत पुसला गेला. आणि पुण्याच्या फर्मनी माझ्या बिलांतून दहा टक्क्यांनी आधीच कापून सरकारजमा केलेले एक लाख चोवीस हजार विवरणपत्र भरलं की मला परत येणार होते. आगाऊ काही भरायचं नव्हतं. मी खूश झाले. फी दिली, उठले.

त्या ऑफिसात जे जे दिलासा देणारं होतं ते सगळं इंग्रजीत बोललं गेलं. मराठीतलं बाकीचं कायद्याचं बोलणं होतं, दोनदा, स्पष्ट, मोठ्यानं म्हटलेलं वाक्य एकच होतं, आणि ते आप्पांनी ऐकलं होतं.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, ‘ते सायब निम्मं धरायचं म्हणत व्हते. ते दरसालचं हाय व्हय?’

माझ्या कानाला फोन होता. पुण्याहून कुणीतरी तिसऱ्या मजल्याची तुळई बदलायला सांगत होतं. फोनवर हात ठेवून मी म्हणाले, ‘व्हय आप्पा, दरसाल.’

‘आन् खर्च? ती पोरगी हाय पगाराला, भाडं हाय...’

‘खर्च माझा मलाच. उरलेल्या निम्म्यात भागवायचा.’

रस्त्यावर आलो आणि ते थांबले. ‘बटाईचा मालकबी बियाणाचं निम्मं देतो की गं.’

मला हसू आलं. एखादी गोष्ट गोड वाटावी तसं. मी म्हणाले, ‘सरकार मालकाहून खडूस हाय आप्पा.’

ते हसले नाहीत. मी पुन्हा फोन कानाला लावला. तो माणूस अजून तुळईवरच होता.

एवढंच घडलं. सल्लागारांनी ‘धरायचं’ म्हटलं ते समजण्याच्या अर्थानं. आप्पांना ते बखोट धरतात तसं, पकडून नेण्याच्या अर्थानं ऐकू आलं. मराठीत शब्द एकच आहे, त्याला ना सल्लागार काय करणार ना आप्पा. पण त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी विनोद केला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा गावी गेले. आठ-दहा दिवसांनी मीच फोन केला, बाटली पाठवू का. म्हणाले, ‘नको. डाक्टरनं बंद केले थेंब. प्रेशर उतरलं म्हणले.’ मी दवाखान्यात त्यांच्या सोबत बसले होते, डॉक्टरांचं ‘असेच चालू ठेवा’ मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरीही मला वाटलं, मी फोनसाठी बाहेर गेले तेव्हा काही वेगळं बोलणं झालं असेल. मी विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. महिन्याचं एक काम कमी झालं. हे लिहायला जड जातंय, पण खरं तेच आहे.

जुलैत विवरणपत्र भरलं. काही आठवड्यांत एक लाख चोवीस हजार खात्यात आले, वर थोडं व्याजही. मी मोठा स्क्रीन घेतला आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलल्या. थेंबांच्या भाषेत ते दहा वर्षांचे पैसे होते.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आप्पा दाराच्या चौकटीला खांदा धडकवून आत आले. मी म्हटलं, ‘आप्पा, दार तितंच हाय अजून.’ सगळे हसले. जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेली चटणी त्यांना दिसली नाही, ते मागत राहिले. आई नुसती पुढं सरकवून द्यायची. काचबिंदू कडेकडेनं खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत असतो, म्हणून घरातल्यांना वाटतं दिसतंय सगळं. सहा महिन्यांची तपासणी झाली का, मी विचारलं होतं. ‘भूमला दाखवलं,’ म्हणाले. मी पुढं विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी आईचा फोन आला. आप्पा बांधावरून विहिरीकडं जाताना खाली पडले होते. हाडं शाबूत होती. पण आई म्हणाली, ‘त्यांना दिसत न्हाय बाई. मला ठावं हाय, त्यांना दिसत न्हाय.’

मी जीप करून दोघांना धाराशिवला आणलं. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, मग दिवा बाजूला ठेवला. ‘थेंब घालत होता का?’

‘व्हय,’ आप्पा म्हणाले.

‘न्हाय,’ आई म्हणाली. माझी आई परक्या माणसापुढं नवऱ्याचं बोलणं खोडत नाही. त्या दिवशी खोडलं. ‘एक वरीस झालं, रोजचा थेंब न्हाय डोळ्यात. एक बाटली व्हती, ती आठवड्यातून एकदा घालत पुरवली, मंग तीबी सरली.’

‘का?’ हे मी विचारलं. डॉक्टरांनी नाही.

आई माझ्याकडं वळली. तिला राग माझाही आलेला असावा. ‘तुजं निम्मं सरकार नेतंय म्हणं. उरल्यात पोरीचा पगार, खोलीचं भाडं, तुजं खाणंपिणं. आनि आमी महिन्याला हजार मागायचे व्हय? तूच म्हणलीस म्हणं, सरकार लई खडूस हाय. हे म्हणले, पोरगी बटाईवर राबती, तिच्या वाट्यातलं काढायचं न्हाय. मी दोनदा म्हणलं फोन लावते. मला शपत घातली.’

 डॉक्टर म्हणाले की डाव्या डोळ्यात आता उजेड कळतो, हात हलवला तर कळतो, त्याच्या पुढं काही नाही. तेवढं टिकवायला थेंब पुन्हा सुरू करू. गेलेलं परत येणार नाही, हे त्यांनी मला तीन वर्षांत दुसऱ्यांदा सांगितलं.

त्या दिवशी दोघं माझ्याच खोलीवर राहिली. दुपारची वेळ, पंखा चालू, आईनं भात टाकलेला. ड्रॉइंगच्या मुलीला मी सुट्टी दिली होती. मी रडले असते तर बरं झालं असतं. पण मला राग आला. कुणावर ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सगळ्यांवरच. सल्लागारांवर, आप्पांच्या त्या दोन ढिगाऱ्यांवर, आणि आपण बरोबर होतो हे सिद्ध करायची मला जी खोड आहे, तिच्यावर तर आज जास्तच.

मी फायलीतून हिशेबाचा कागद काढला आणि आप्पांपुढं बसले. या वेळी मराठीत बोलले, सावकाश.

‘आप्पा, ऐका. वर्षाला जमा बारा लाख चाळीस हजार. त्यातलं निम्मं सहा लाख वीस हजार. ते सरकारनं नेलं नाही. नुसतं धरलं. म्हणजे मानलं. एवढी हिची कमाई असेल, असं मानायचं. कर त्या कमाईवर बघायचा. बँकेच्या व्याजाचे चार हजार त्यात मिळवायचे, झाले सहा लाख चोवीस हजार. पहिल्या तीन लाखांवर काही नाही. उरलेल्यांवर शेकड्याला पाच. सोळा हजार दोनशे. आता पुढचं ऐका. सात लाखांच्या आत कमाई असली की तेही माफ. म्हणजे कर शून्य.’

आप्पांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला होता, माझ्या जरा डावीकडं. ‘सुन्न म्हंजी?’

‘काही नाही. एक रुपया घेतला नाही माझ्याकडून. उलट आधी कापलेले एक लाख चोवीस हजार परत दिले. तुमच्या थेंबांचे पैसे होते माझ्याकडं. पडून होते. मी स्क्रीन घेतला त्याचा, तो बघा...’

तो बघा, म्हणाले मी.

आई भात हलवायची थांबली.  आप्पा हात गुडघ्यावर ठेवून बसले होते, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरत होता, माप मोजताना फिरायचा तसा. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मला कळलं नाही, माझी चूक झाली. मला तेच हवं होतं. चूक त्यांची ठरली असती.

मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मात्र रोज कळत आलंय, की मी त्यांना हे सांगायला नको होतं. वर्षभर त्यांनी अंधार येऊ दिला तो लेकीचा वाटा राखायला. त्यांच्या मनात त्याला काहीतरी किंमत होती. बटाईवर राबणाऱ्या पोरीला आपण महिन्याला हजार रुपये राखून दिले, असं त्यांना वाटत होतं, आणि दवाखान्यातून येतानाही ते वाटत असावं, कारण जीपमध्ये ते शांत होते. माझ्या बिनचूक हिशेबानं तेवढंही काढून घेतलं. त्यांचा डोळा कशासाठीच गेला नव्हता, हे मी त्यांना आकडे लावून दाखवलं.

शेवटी ते बोलले. आवाजात तक्रार नव्हती. माणूस झालेल्या गोष्टीची खातरी करून घेतो तसे बोलले.

‘म्या इचारलं व्हतं की गं माय. जिन्यात. दरसालचं हाय का म्हणून इचारलं व्हतं.’

‘हो आप्पा,’ मी म्हणाले. ‘विचारलं होतं तुम्ही.’